परतीची तिकिटं मंगळवारपर्यंत थांबवू का?

*नमस्कार मॅडम,*

*माझ्या भाचीचं लग्न नागपूरला आहे. आम्ही घरचे पाच जण पुण्याहून विमानाने जाणार आहोत. पुढच्या शुक्रवारी निघायचं आणि सोमवारी परत यायचं. गेल्या गुरुवारी मोबाइलवर पाहिलं तेव्हा जायचं तिकीट ४,९०० रुपये होतं. माझे दीर म्हणाले, "थांब, मंगळवारी काढ, मंगळवारी तिकिटं सगळ्यात स्वस्त असतात." म्हणून थांबले. रोज दोनदा बघत होते. काल मंगळवारी बघते तर ५,८०० रुपये! घाबरून काढून टाकली. माणशी ९०० रुपये म्हणजे पाच जणांचे ४,५०० रुपये जास्त गेले.*

*आता परतीची तिकिटं राहिली आहेत. दीर म्हणतात पुढच्या मंगळवारी बघू, दर मंगळवारी थोडंच असं होईल. खरंच कोणता वार चांगला असतो का? की मी सारखं सारखं बघत होते म्हणून दर वाढवला? परतीसाठी थांबू का नको?*

*– एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे*

ताई,

थांबू नका. परतीची तिकिटं आज किंवा फार तर उद्या काढा. कारणं पुढे सविस्तर लिहिते, पण आधी फोनवर बघून या, मग वाचा.

मी सव्वीस वर्षं पुण्यात एका ट्रॅव्हल एजन्सीच्या काउंटरवर तिकिटं काढली. त्यामुळे तुमच्या दिरांवर मला अजिबात राग नाही. त्यांनी सांगितलं ते मीही एके काळी लोकांना सांगत असे. आणि तो सल्ला कोणी हवेतून काढलेला नव्हता. तो अमेरिकेतला होता आणि तिथे बरीच वर्षं खरा ठरत होता.

१९७८ साली अमेरिकेत विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठवणारा कायदा झाला. त्यानंतर कोणत्या मार्गावर काय भाडं घ्यायचं हे कंपन्या स्वतः ठरवू लागल्या. पण ठरवलेलं भाडं थेट एजंटच्या पडद्यावर येत नसे. ते आधी एटीपीसीओ नावाच्या एका सामायिक संस्थेकडे नोंदवावं लागे. विमान कंपन्यांनीच मिळून चालवलेली ही संस्था सगळ्यांची भाडी गोळा करायची आणि दिवसातल्या काही ठरावीक वेळांना एकदम सगळ्या बुकिंग यंत्रणांना पाठवायची. शनिवार-रविवारी हे वाटप आणखी कमी वेळा व्हायचं. भाडी ठरवणारी माणसंही कचेरीतली, सोमवार ते शुक्रवार काम करणारी.

आता या घड्याळात एक सेल बसवून बघा. एखाद्या कंपनीने सोमवारी संध्याकाळी स्वस्त भाडी नोंदवली. मंगळवारी सकाळी दुसऱ्या कंपनीतली माणसं कामावर आली, त्यांनी ती पाहिली आणि गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून आपलीही तेवढीच उतरवून नोंदवली. दुपारपर्यंत तिसरी, चौथी कंपनी त्यात आली. म्हणजे मंगळवारी दुपारी त्याच मार्गावर सगळ्यात जास्त कंपन्यांची सगळ्यात जास्त स्वस्त तिकिटं एकाच वेळी मिळत. गुरुवारच्या सुमारास सेल आटोपायचा. भाडेवाढ करून बघायची असेल तर ती आठवड्याच्या शेवटी व्हायची. दुसऱ्यांनी साथ दिली तर वाढ टिकली, नाही दिली तर सोमवारपर्यंत मागे. ही एकमेकांकडे बघून भाडं ठरवण्याची पद्धत इतकी मुरली होती की १९९२ साली अमेरिकेच्या न्याय खात्याने एटीपीसीओ आणि आठ विमान कंपन्यांवर खटला भरला. आरोप असा की पुढच्या तारखेपासून लागू होणारी भाडी आधीच नोंदवून या कंपन्या एकमेकींना इशारे देतात. १९९४ साली तो तडजोडीने मिटला.

तेव्हा मंगळवार स्वस्त होता, त्यामागे त्या वाराची काही जादू नव्हती. भाडी ठरावीक वेळांना बदलत आणि बदलणारी माणसं ठरावीक दिवशी कामावर येत, त्याचा तो परिणाम होता.

आपल्याकडे हे घड्याळ कधी लागलंच नाही. १९५३ च्या कायद्याने देशातली नियमित विमानसेवा सरकारी महामंडळांकडे गेली आणि १९९४ मध्ये तो कायदा रद्द होईपर्यंत मुंबई-नागपूरचं भाडं मंगळवारी तेच, शनिवारी तेच. पुढे खाजगी कंपन्यांना नियमित सेवा चालवता येऊ लागली, तोवर अमेरिकेतल्या मुला-भावंडांच्या तोंडून मंगळवारचा सल्ला इकडे येऊन पोहोचला होता. नंतर तो मोबाइलवर फिरू लागला. ज्या कारणाने तो खरा होता ते कारण मात्र मागेच राहिलं.

मला हे कळायला एक चूक घडावी लागली, आणि ती अजून मनाला लागून आहे. एक निवृत्त जोडपं लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालं होतं. मी त्यांच्या दोन जागा धरून ठेवल्या होत्या, भाडं चांगलं होतं, फक्त पैसे भरून तिकीट काढायचं बाकी होतं. शनिवारी ते पैसे घेऊन आले. मी म्हटलं, "काका, मंगळवारी या, अजून उतरेल." बुकिंगखाली तिकीट काढायची मुदत लिहिलेली होती, सोमवार मध्यरात्र. मी ती वाचली नाही. मंगळवारी सकाळी धरलेल्या दोन्ही जागा सुटलेल्या होत्या आणि त्या भाड्यात एकही जागा उरलेली नव्हती. काकूंनी पिशवीतून आणखी पैसे काढून मोजले, मला एक शब्दही बोलल्या नाहीत. त्या दिवसापासून मी वार सांगणं बंद केलं आणि मुदत वाचायला लागले.

आता आज काय चालतं ते सांगते, म्हणजे तुमचे ९०० रुपये कुठे गेले ते कळेल.

राजधानी किंवा दुरांतोचं तिकीट कधी काढलं असेल तर तुम्हाला हे निम्मं माहीतच आहे. ९ सप्टेंबर २०१६ पासून रेल्वेने या गाड्यांना वाढतं भाडं लावलं. पहिल्या १० टक्के जागा मूळ भाड्यात, पुढच्या १० टक्के जागा १० टक्के जास्त भाड्यात, असं एका मर्यादेपर्यंत चढत जातं. तिथे तुम्ही सोमवारी काढा की शनिवारी, काही फरक नाही. तुमच्या आधी किती जणांनी काढली तेवढंच बघितलं जातं. विमानाचं तिकीट याच जातीचं आहे, फक्त पायऱ्या जास्त आहेत, त्या आपल्याला दिसत नाहीत आणि कंपनी त्या मधेच वरखाली करू शकते.

आमच्या काउंटरच्या पडद्यावर मात्र त्या दिसायच्या. एका विमानाची ओळ अशी असे:

```
Y9 B9 M9 H6 K3 L0 V0
```

प्रत्येक अक्षर म्हणजे भाड्याची एक पायरी. Y सगळ्यात महाग, उजवीकडे जावं तसं स्वस्त. अक्षरापुढचा आकडा म्हणजे त्या पायरीवर विकायला असलेल्या जागा. ९ लिहिलं असेल तर नऊ किंवा त्याहून जास्त. वरच्या ओळीत L आणि V संपल्या आहेत, K मध्ये तीन आहेत, H मध्ये सहा. सगळ्या जागा त्याच विमानातल्या, त्याच आकाराच्या खुर्च्या, खिडकीबाहेर दिसणारे ढगही तेच. कमी भाड्याच्या कंपन्यांची यंत्रणा वेगळी असते, त्यांची अक्षरंही वेगळी, पण पायऱ्या असतातच. आणि या कंपन्या बहुतेक तिकिटं आपल्या स्वतःच्या यंत्रणेतून विकतात. भाडं बदलायला त्यांना सोमवार संध्याकाळची किंवा कोणा सामायिक संस्थेच्या वेळेची वाट पाहावी लागत नाही. रविवारी पहाटे तीनलाही बदलतं. देशातली बहुसंख्य तिकिटं आज अशाच कंपन्यांची असतात, म्हणून मंगळवारचं गणित इथे पायाच धरत नाही.

मग पायरी बंद कधी होते? दोन कारणांनी. एक साधं, तिथल्या जागा विकल्या गेल्या. दुसरं कारण थोडं खोलात जाऊन समजून घेण्यासारखं आहे, कारण थांबणाऱ्या माणसाचं नुकसान तिथेच होतं.

समजा विमानात एक जागा आहे. आज तुम्ही तिचे ४,००० द्यायला तयार आहात. पण शेवटच्या दोन दिवसांत कोणी कोर्टाच्या तारखेला, कोणी दवाखान्यात, कोणी कंपनीच्या कामाला निघतो आणि तो ९,००० देतो. कंपनीने ती जागा आज तुम्हाला विकावी की त्याच्यासाठी राखावी? तो माणूस येण्याची शक्यता निम्मी असेल तर राखलेल्या जागेची किंमत ९,००० च्या निम्मी, म्हणजे ४,५०० झाली. ती तुमच्या ४,००० पेक्षा जास्त आहे, म्हणून जागा राखली जाते आणि तुमची पायरी बंद होते. शक्यता ४० टक्केच असेल तर ३,६०० होतात, मग ती तुम्हाला विकणं फायद्याचं. हा हिशेब ब्रिटिश विमान कंपनी बीओएसीमधल्या केन लिटलवुड यांनी १९७२ मध्ये मांडला. पुढे १९८५ च्या सुमारास अमेरिकन एअरलाइन्सने संगणकावर तो मोठ्या प्रमाणात राबवला. आज तो बराच गुंतागुंतीचा झाला आहे, पण गाभा हाच आहे. अंदाजापेक्षा बुकिंग जोरात होत असेल तर खालच्या पायऱ्या झाकल्या जातात. बुकिंग मंद असेल तर झाकलेली पायरी पुन्हा उघडते, आणि तेव्हा भाडं खरोखर उतरतं. तुमचे दीर ज्या उतरण्याची वाट बघत होते ती ही. पण ती त्या एका विमानाच्या बुकिंगवरून घडते. शेजारच्या वेळेचं विमान त्याच दिवशी वर चढलेलं असू शकतं.

यात वाराला कुठे जागाच नाही. जागा आहे ती उरलेल्या दिवसांना. तुम्ही गुरुवारी पाहिलं तेव्हा निघायला पंधरा दिवस होते. मंगळवारी पाहिलं तेव्हा दहा. अमेरिकेतल्या आणि परदेशी जाणाऱ्या पूर्ण सेवेच्या कंपन्यांच्या भाड्यांना तर नियमातच २१, १४ आणि ७ दिवसांच्या अटी लिहिलेल्या असतात, चौदा दिवस आधी काढलं तरच हे भाडं, असं. देशातल्या विमानांना अशी रेघ छापलेली नसली तरी दिवस कमी होतील तसा उशिरा येणाऱ्या माणसाचा अंदाज पक्का होत जातो आणि खालच्या पायऱ्या बंद होत जातात. तुम्ही वार निवडला आणि त्या नादात पाच दिवस दिले. त्यात लग्नाच्या मोसमातली शुक्रवारची जाण्याची फेरी, तिला गिऱ्हाईक कमी नसतं.

फोनवर सारखं बघितल्यामुळे दर वाढला का? नाही. तुम्ही दोनदा बघा की वीसदा, पायऱ्या त्याने हलत नाहीत, आणि ब्राउझरची खाजगी खिडकी उघडून बघितल्यानेही काही बदलत नाही. पण लोकांना असा भास होतो त्यामागे दोन खऱ्या गोष्टी आहेत. पहिली, तिकिटं शोधायच्या संकेतस्थळांवर यादीत दिसणारं भाडं काही वेळा आधी साठवून ठेवलेलं असतं. तुम्ही त्यावर टिचकी मारलीत की यंत्रणा कंपनीला ताजं भाडं विचारते आणि तोवर ती पायरी संपलेली असते. दुसरी गोष्ट तुमच्यासारख्या पाच जणांच्या घराला जास्त लागते. काही यंत्रणांमध्ये तुम्ही प्रवाशांची नावं भरायच्या पानापर्यंत गेलात की तेवढ्या जागा थोडा वेळ तुमच्या नावाने धरल्या जातात. मधेच बंद करून तुम्ही लगेच पुन्हा बघितलंत, तर त्या धरलेल्या जागा तुमच्याच वाटेत आडव्या येतात आणि वरची पायरी दिसते. असं झालं तर अर्धा तास थांबून पुन्हा बघायचं, दुसरं काही करायची गरज नाही.

आता एक विचारते. गेल्या गुरुवारी ४,९०० पाहिलंत तेव्हा प्रवासी किती टाकले होते? बहुतेक संकेतस्थळं आपणहून एक प्रवासी धरून चालतात. तुम्ही काही न बदलता बघितलं असेल तर ते एका माणसाचं भाडं होतं. परवा काढताना पाच टाकले असतील. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण यंत्रणा पाच जणांना एकाच पायरीवर बसवते. त्या पायरीवर पाच जागा नसतील तर ती तीन जणांना स्वस्त आणि दोघांना महाग असं करत नाही. पाचही जणांना वरच्या पायरीवर नेते.

तुमच्याच दरांवर हिशेब करून बघू. धरून चालू की ४,९०० च्या पायरीवर तीन जागा आहेत आणि त्यावरची पायरी ५,८०० ची आहे. पाच जण एकत्र शोधलेत तर पडद्यावर माणशी ५,८०० दिसतील, एकूण २९,०००. आता आधी तिघांचं काढा, १४,७००. मग दोघांचं काढा, ११,६००. एकूण २६,३००. त्याच विमानात, त्याच दिवशी, त्याच क्षणी २,७०० रुपये वाचले.

हे ओळखायचं कसं? परतीची फेरी उघडा आणि एक प्रवासी टाकून भाडं लिहून घ्या. मग दोन, मग तीन, मग चार, मग पाच. ज्या आकड्याला माणशी भाडं उडी मारतं तिथे खालची पायरी संपली. चारवर उडी मारली तर खाली तीनच जागा आहेत. पाचही वेळा एकच भाडं आलं तर वेगळं काढायची गरज नाही, सरळ एकत्र काढा. काही ठिकाणी "या दरात ३ जागा शिल्लक" असं लाल अक्षरांत लिहिलेलं असतं. लोकांना वाटतं विमानच भरत आलंय. विमानात १८० च्या आसपास जागा असतात. तो आकडा बहुतेक वेळा त्या पायरीचा असतो, आणि या कामाला तो उपयोगी पडतो.

एक जपून करा. दोन वेळा तिकिटं काढली म्हणजे दोन वेगळे पीएनआर झाले. विमान रद्द झालं किंवा वेळ बदलली तर कंपनी दोन्ही गट वेगवेगळे हाताळते, एका गटाला सकाळच्या आणि दुसऱ्याला संध्याकाळच्या विमानात बसवू शकते. म्हणून लहान मूल असेल तर ते आईबरोबरच्या पीएनआरमध्ये हवं, आणि सासूबाई-सासरे असतील तर त्यांच्याबरोबर हिंडतं-फिरतं एक माणूस हवं. शेजारी शेजारी बसायचं असेल तर चेक-इन दोन्ही पीएनआरचं एकाच वेळी करा. पहिली तिकिटं निघाली की लगेच दुसरी काढा, मधे चहा ठेवायला जाऊ नका.

तुमच्या दिरांचा मंगळवार एका ठिकाणी अजून खरा आहे, तो म्हणजे उडण्याच्या दिवसात. माझ्या मते निम्मा गोंधळ इथेच झाला आहे. 'मंगळवारचं तिकीट स्वस्त' यातला मंगळवार तिकीट काढायचा की प्रवासाचा, हे तोंडातोंडी सांगताना पुसलं गेलं. गुगलने २०२२ मध्ये आपल्या विमानशोधातल्या पाच वर्षांच्या अमेरिकेतल्या भाड्यांवरून हा फरक मोजून दाखवला. शनिवार-रविवारऐवजी मंगळवार, बुधवार किंवा गुरुवारी तिकीट काढलं तर सरासरी फरक फक्त १.९ टक्के. शनिवार-रविवारऐवजी सोमवार ते बुधवारात प्रवास केला तर १२ टक्के. हे आकडे अमेरिकेचे आहेत, पुणे-नागपूरला जसेच्या तसे लागू होणार नाहीत, पण प्रमाण डोळ्यासमोर येण्यासाठी ६,००० च्या तिकिटावर लावून बघा. काढायच्या वाराने ११४ रुपये, उडायच्या वाराने ७२० रुपये. आणि ११४ रुपयांसाठी पाच दिवस थांबलं तर काय होतं ते तुम्ही परवा बघितलंत.

आपल्याकडे तर वाराइतकीच वेळही बघावी लागते. सोमवारी पहाटेचं नागपूर-पुणे विमान म्हणजे शनिवार-रविवार घरी घालवून परत कामावर निघालेल्या मंडळींचं. रविवारी संध्याकाळचंही तसंच. लग्न आटोपून तुम्हाला सोमवारी निघायचं आहे, तर पहाटेच्या ऐवजी दुपारचं किंवा उशिरा रात्रीचं विमान बघा. आणि घरात कोणाची शाळा-कचेरी आड येत नसेल तर मंगळवार दुपारचंही बघा. पाच जणांना एक दिवस भाचीच्या माहेरी जास्त राहायला मिळेल, ते मला तरी वाईट वाटत नाही.

तिकीट काढायच्या वाराचा आणखी एक अपवाद आहे, तोही सांगते. अनेक बुकिंग संकेतस्थळांवर अमुक बँकेच्या कार्डावर अमुक वारी सूट, अशा योजना असतात. ती सूट खरी असते. पण ती कार्डावरची असते, भाडं तेच राहतं. त्यात बहुधा 'किमान इतक्या रुपयांचं बुकिंग' आणि 'जास्तीत जास्त इतकी सूट' अशा दोन अटी असतात. काही वेळा तिथलं सुविधा शुल्क कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळापेक्षा जास्त असतं. म्हणून सुटीचा आकडा बघू नका. पैसे भरायच्या शेवटच्या पानावरची एकूण रक्कम दोन्हीकडे बघा आणि कमी असेल तिथून काढा. तो वार आज-उद्यात येत असेल तर जरूर घ्या. चार दिवसांनी येत असेल तर सोडून द्या.

आता तुमच्या परतीचं. आज गुरुवार. तुमच्या सोमवारच्या विमानाला अकरा दिवस आहेत. दिरांचा पुढचा मंगळवार धरला तर सहा दिवस उरतात. थांबू नका म्हणाले त्याचं एक कारण तर वर आलंच. दुसरं कारण देशातल्या विमानसेवेवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएच्या नियमात आहे, आणि ते तुमच्या पक्क्या फायद्याचं आहे. विमानाला निदान सात दिवस असतील आणि तुम्ही थेट विमान कंपनीकडून तिकीट काढलं असेल, तर काढल्यापासून निदान २४ तासांपर्यंत ते रद्द केल्यास रद्द करण्याचं शुल्क लागत नाही. नावाच्या स्पेलिंगमधली चूकही त्या वेळात पैसे न देता दुरुस्त होते. आज काढलंत तर ही सवलत मिळते. मंगळवारी काढलंत तर मिळत नाही, कारण सात दिवस उरलेलेच नसतात.

म्हणजे आज असं करा. प्रवासी एक ते पाच टाकून पायरी बघा आणि कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून किंवा ॲपवरून तिकिटं काढा. तिथे ही सवलत किती तासांची आहे ते पैसे भरायच्या आधी वाचून घ्या. मग उद्या याच वेळेच्या एक तास आधीचा गजर लावा आणि तीच फेरी पुन्हा बघा. भाडं उतरलेलं असेल तर आधी नवीन तिकिटं काढा, ती हातात आली की जुनी रद्द करा. हा क्रम उलटा करू नका. जुनी आधी रद्द केलीत तर त्या पाच जागा कोणत्या पायरीवर परत येतील याची खात्री नसते. रद्द केलेले पैसे खात्यात परत यायला काही दिवस लागतात, तेव्हा तेवढी रक्कम दोनदा अडकेल एवढी तयारी ठेवा. भाडं चढलेलं किंवा तेच असेल तर फोन ठेवून द्या आणि नंतर पुन्हा बघू नका.

जायच्या तिकिटांचं आता काही करू नका. फुकट रद्द करायची मुदत तुमचं पत्र माझ्यापर्यंत येईतो बहुधा संपली असेल, आणि आता ती रद्द करायला गेलात तर शुल्कात ९०० पेक्षा जास्त जातील. फक्त पाचही नावं आधार कार्डाशी एकदा ताडून बघा. लग्नाच्या गडबडीत विमानतळाच्या दारात सुरक्षारक्षकासमोर उभं राहून 'वैशाली'च्या जागी 'विशाल' सापडलेलं मी पाहिलं आहे, आणि तिथे शुक्रवारी सकाळी ते निस्तरायला वेळ नसतो.